ओटीपी दिला, आता फुटलेली फळी कुणाची?

*आम्ही जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगी यंदा दहावीला गेली म्हणून तिच्या खोलीसाठी तीन दारांचं कपाट ऑनलाइन मागवलं. चार फूट रुंद, सहा फूट उंच, साडेचौदा हजारांचं. चार खोकी आली. त्यातलं एक खालच्या कोपऱ्यात चेपलेलं होतं. ‘आत थर्माकोल असतंय ओ काकू, काय होत नाय, ओटीपी सांगा,’ असं डिलिव्हरीचा मुलगा म्हणाला आणि मी सांगितला. संध्याकाळी उघडलं, तर एका उभ्या फळीचा खालचा मागचा कोपरा फुटलाय आणि तडा पहिल्या भोकापर्यंत गेलाय. कंपनी म्हणते, ओटीपी दिला म्हणजे माल नीट मिळाला. नवरा म्हणतो, सगळंच परत पाठवू. सासरे म्हणतात, एवढ्याशा कोपऱ्यासाठी कशाला? आपला मिस्त्री फेविकॉल भरून देईल, मागची बाजू आहे, दिसणारही नाही. परवा कंपनीचा माणूस जोडायला येणार आहे. काय करू?*

*– एक वाचक, सोलापूर*

ताई, बाकी सगळं नंतर. आधी परवा येणाऱ्या माणसाला फोन करा आणि सांगा, ‘जोडायला येऊ नका, तपासायला येणार असाल तर जरूर या.’ हा फरक महत्त्वाचा आहे. जोडणीवाले बहुतेक ठेकेदाराची माणसं असतात आणि त्यांना कपाटामागे पैसे मिळतात. कपाट उभं राहिलं की त्यांचं काम संपलं. पण फुटलेल्या फळीत एकदा बोल्ट बसला की ती फळी वाटेत फुटली की जोडताना, हा वाद कायमचा सुरू होतो आणि तो सिद्ध करायला तुमच्याकडे काही उरत नाही. उलट तोच माणूस तपासायला आला, तर अनेकदा त्याच्या मोबाइलवरच ‘फळी खराब, बदलून हवी’ अशी नोंद करण्याची सोय असते. त्याची नोंद तुमच्या दहा मेलपेक्षा लवकर हलते.

आता ओटीपीचं बघू, कारण तुमच्या मनावर त्याचंच जास्त ओझं दिसतंय. तुम्ही ओटीपी दिला म्हणजे काय कबूल केलं? या पत्त्यावर, या माणसाच्या हाती, इतकी खोकी पोचली, एवढंच. आतल्या फळ्या धडधाकट आहेत हे तुम्ही कबूल केलेलं नाही, करूच शकत नव्हता. खोकं बंद होतं आणि एवढं जड खोकं दारात उघडून बघेपर्यंत थांबायची डिलिव्हरीवाल्याला सहसा मुभाही नसते. जे बघायला मिळालंच नाही, ते मान्य केलं असं कुणी म्हणू शकत नाही. फोनवर पहिला माणूस तसं म्हणतो, कारण त्याच्या पडद्यावर ‘डिलिव्हर्ड’ एवढंच दिसत असतं. तो कंपनीचा शेवटचा शब्द नसतो.

कायद्यातही तसंच आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार माल सदोष निघाला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि एका महिन्याच्या आत निवारण करायचं. तुमची तक्रार आत्तापर्यंत बहुधा कस्टमर केअरच्या फोनवरच फिरते आहे. ती या अधिकाऱ्याकडे लेखी गेली की तिचं वजन बदलतं.

आता सासऱ्यांचं म्हणणं. ते टाकाऊ नाही. सागवानी कपाटाचा किंवा चांगल्या प्लायच्या टेबलाचा कोपरा उडाला असता, तर मीही म्हटलं असतं, मिस्त्रीला बोलवा. पण तुमचं कपाट सागाचं नाही आणि प्लायचंही नाही. या किमतीची, खोक्यात सुटी येणारी कपाटं जवळजवळ सगळी पार्टिकल बोर्डची असतात. लाकडाचा बारीक चुरा गोंदात मळून, दाबून केलेला हा बोर्ड, वर रंगीत लॅमिनेशन. वरच्या आणि खालच्या थरात चुरा बारीक आणि घट्ट बसलेला असतो, मधल्या थरात जाडसर आणि सैल. कडेला पट्टी नसलेली जागा बघा, म्हणजे हे तीन थर नुसत्या डोळ्यांनी दिसतील. कोपऱ्यावर मार बसला की मधला सैल थर फुटतो. चुऱ्याच्या कणांना धरून ठेवणारा गोंदच तुटलेला असतो. वरून कोपरा दाबून सारखा करता येतो, रंगही मारता येतो, पण आतली पकड परत येत नाही.

आणि तुमच्याकडे नेमका कुठला कोपरा फुटलाय हे बघा. उभ्या फळीचा, खालचा. अशा कपाटात सगळं वजन शेवटी उभ्या फळ्यांवरून जमिनीवर उतरतं. कपड्यांनी भरलेली दांडी, कप्पे, वर ठेवलेली रजयांची बॅग, दारं, सगळं. फळीचा खालचा कोपरा म्हणजे कपाटाचा पाय झाला. त्यातून तडा भोकापर्यंत गेलाय. उभ्या फळीवर खालच्या टोकाजवळ जी पहिली भोकं असतात, त्यांत तळाची आडवी फळी धरून ठेवणारा बोल्ट आणि लाकडी गुल्ली बसते. म्हणजे पायही फुटलाय आणि तळ जिथे पकडायचा तो सांधाही. कपाट उभं केलं त्या दिवशी काही दिसणार नाही. पुढे कपाट भरलं की तो कोपरा दोन-तीन मिलीमीटर बसेल, चौकट तिरकी होईल आणि दारांमधली फट वाकडी दिसायला लागेल. लोक तेव्हा बिजागरी पिळत बसतात. बिजागरीचा काही दोष नसतो.

हाच मार वरच्या मागच्या कोपऱ्याला बसला असता आणि जवळ भोक नसतं, तर मी सासऱ्यांच्या बाजूने उभं राहून तुम्हाला सांगितलं असतं, थोडे पैसे कमी करून घ्या आणि वापरा. नुसती कडेची पट्टी सुटली असेल, लॅमिनेशनला ओरखडा असेल, मागच्या पातळ फळीचा कोपरा दुमडला असेल, तर तेही चालवून घेण्यासारखं. म्हणून इतर वाचकांनाही सांगणं, की नुकसान दिसतंय की नाही यावर जाऊ नका. ते कुठे आहे ते बघा. भोकापासून बोटभर अंतरात तडा आला किंवा जमिनीला टेकणारी कड फुटली, की ती फळी बदलूनच घ्यायची, मग ती भिंतीकडच्या बाजूला असली तरी.

तुमच्या फळीत तडा किती आत गेलाय हे घरच्या घरी कळतं. फळी पलंगावर किंवा सतरंजीवर आडवी ठेवा, फुटलेला कोपरा बाहेर काढून. अंगठा वर आणि तर्जनी खाली धरून कड हलकी दाबा आणि सोडा. मधली रेघ मिटते-उघडते असं दिसलं, तर थर आतून सुटलेत. कोपऱ्यापासून थोडं थोडं आत सरकत तेच करा. जिथे हालचाल थांबते तिथपर्यंत तडा आहे. मग स्टीलची पट्टी घेऊन त्याच फळीची जाडी चांगल्या कडेला आणि फुटलेल्या कडेला मोजा. चांगल्या जागी बहुधा 18 किंवा 15 मिलीमीटर येईल. फुटलेल्या जागी दोन-तीन मिलीमीटर जास्त आलं, तर ती कड फुगली आहे. चेपलेली कड आणि पाणी लागलेली कड, दोन्ही फुगतात. चेपलेली एका जागी फुगते आणि तिथे लॅमिनेशनही तुटलेलं असतं. पाणी लागलेली लांबवर सारखी फुगते आणि वरचं लॅमिनेशन शाबूत असतं. पावसात उघड्या टेम्पोतून माल आला असेल तर हे दुसरं आवर्जून बघायचं, कारण पुठ्ठा वाळतो आणि खोकं वरून कोरडं ठणठणीत दिसतं.

तुमचे पती सगळंच परत करा म्हणतात, तेही समजण्यासारखं आहे. पण तुम्ही दोनच वाटा धरून बसला आहात, सगळं परत किंवा फेविकॉल. मधली वाट जास्त सोयीची आहे. ही कपाटं यंत्रावर कापलेली असतात आणि एका मॉडेलची प्रत्येक डावी फळी दुसऱ्या डाव्या फळीसारखीच असते. सगळी भोकं त्याच जागी. त्यामुळे एक फळी बदलून आली की कपाट नवंच होतं. सगळं परत करायचं म्हणजे चारही खोकी पुन्हा बांधा, तीन जिने उतरवा, पैसे यायची वाट बघा आणि नवी चार खोकी पुन्हा त्याच वाहतुकीतून मागवा. म्हणून बाकीच्या फळ्या चांगल्या असतील, तर मी एक फळी मागेन. त्या तीन खोक्यांतही मार लागलेल्या दोन-चार फळ्या निघाल्या, तर मात्र पतींचं बरोबर.

हे ठरवायचं तर चारही खोकी आजच उघडायला हवीत, चेपलेली नाहीत तीसुद्धा. तीस-पस्तीस किलोचं लांबोडं खोकं जिन्यावरून एकटा माणूस उचलत नाही. तो ते उभं करून एका कोपऱ्यावर, मग दुसऱ्या कोपऱ्यावर फिरवत नेतो. सगळं वजन त्या क्षणी एका कोपऱ्यावर येतं. पुठ्ठा लवचिक असल्याने कधीकधी परत सरळ होतो आणि आतली फळी फुटलेली असते. म्हणून उघडताना प्रत्येक खोक्यात आधी फळ्यांचे चार कोपरे बघा, मग कडा, मग भोकं. सपाट भाग सगळ्यात शेवटी. तिथे क्वचितच काही होतं. एका दाराला आरसा असेल तर त्यावरचा कागद काढून उजेडात तिरका धरा. कडेला केसाएवढी चीर असली तरी ती पुढे धावते. सुरी खोलवर घालू नका, टेप कापण्यापुरतीच, नाहीतर स्वतःच ओरखडा पाडाल आणि तो तुमच्याच नावावर चढेल. फळ्या पुस्तिकेशी जुळवून मोजा, स्क्रूच्या पिशव्याही.

फोटो काढताना लोक फक्त फुटलेल्या जागेचा जवळून काढतात आणि कंपनी विचारते, ‘ही कुठली फळी?’ चार फोटो हवेत. एक खोक्याचा, चेपलेला कोपरा आणि वरचं लेबल एकत्र दिसेल असा. दुसरा पूर्ण फळीचा, फुटलेला कोपरा कुठे आहे ते कळेल असा. तिसरा जवळून, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. चौथा फळीवरच्या स्टिकरचा, ज्यावर अक्षर किंवा आकडा असतो. स्टिकर नसेल तर पुस्तिकेच्या पानावर त्या फळीभोवती पेनाने गोल करून त्या पानाचा फोटो. तुमच्याकडे डिलिव्हरीच्या वेळचा फोटो नाही, म्हणून खोकं फेकू नका. पुठ्ठ्याचा चेपलेला कोपरा आणि फळीचा फुटलेला कोपरा एकमेकांवर बसतात, हाच तुमचा सगळ्यात चांगला पुरावा आहे. फळी खोक्यात होती तशी परत ठेवून दोन्ही एकत्र दिसतील असा एक फोटो जरूर काढा.

मग अॅपमध्येही तक्रार टाका आणि तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही मेल करा. मेल लांबलचक नको. राग आला असेल तरी तो मेलमध्ये नको. असं लिहिता येईल: ‘ऑर्डर क्रमांक अमुक. तीन दारांचं कपाट अमुक तारखेला चार खोक्यांत मिळालं. खोकं क्रमांक अमुक बाहेरून चेपलेलं होतं. डिलिव्हरीच्या वेळी आतला माल तपासण्याची संधी मिळाली नाही. त्याच संध्याकाळी उघडल्यावर फळी क्रमांक अमुक खालच्या मागच्या कोपऱ्याला फुटलेली आढळली. तडा जोडणीच्या भोकापर्यंत आहे, त्यामुळे ही फळी वजन घेऊ शकत नाही. जोडणी केलेली नाही. ही फळी विनामूल्य बदलून द्यावी. तसं शक्य नसल्यास पूर्ण माल परत घेऊन पैसे परत करावेत. फोटो सोबत.’ यात ‘जोडणी केलेली नाही’ हे वाक्य विसरू नका. आणि परत करण्याची मुदत सात दिवसांची असेल, दहाची असेल, ती बघून त्याच्या आत मेल गेलाच पाहिजे. ‘टीम बघतेय’ या आश्वासनावर मुदत निघून जाते, हे फार घरांत घडतं.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. मराठीत बोलता येतं. ते कंपनीपर्यंत तक्रार पोचवतात आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. तिथेही नाही मिटलं, तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असो की गुरुग्रामला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. एका फळीसाठी तिथवर जावं लागणार नाही असं मला वाटतं. पण तुमच्या मेलच्या शेवटी या पर्यायाचा एका ओळीत उल्लेख असला, तर वाचणारा जरा सावरून वाचतो.

तोवर मिस्त्रीला त्या फळीला हात लावू देऊ नका. त्याने भरलं, घासलं, की नुकसान कसं होतं हे दाखवायला काही राहत नाही. कंपनीने लेखी नकार दिला आणि तुम्ही भांडायचं नाही असं ठरवलं, तरच त्याचं काम. तेव्हाही नुसता फेविकॉल भरून भागणार नाही. फुटलेला कोपरा सरळ कापून तिथे प्लायचा तुकडा बसवायचा, आतल्या बाजूने लोखंडी एल पट्टी लावायची आणि तळाच्या फळीखाली स्वतंत्र लाकडी ठोकळा देऊन त्या कोपऱ्यावरचं वजनच उचलून घ्यायचं, असं करावं लागतं. चांगला मिस्त्री हे आनंदाने करेल. सासऱ्यांना हे असं समजावून सांगा. त्यांचा विरोध परत करण्याला नसावा, लोक काय म्हणतील आणि दारात वाद कशाला, याला असावा. एक फळी बदलून मागण्यात वादही नाही आणि नाटकही नाही.

बदलून आलेली फळी घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. डावी आणि उजवी फळी आरशातल्या प्रतिमेसारख्या उलट-सुलट असतात आणि चुकीच्या हाताची फळी येणं ही नेहमीची तक्रार आहे. फळी दारात आली की फुटलेल्या फळीशेजारी उभी करा. दोन्हींची पट्टी लावलेली पुढची कड एकाच बाजूला आणि भोकं तुमच्याकडे, असं ठेवल्यावर भोकं एका रेषेत येत असतील तर बरोबर. भोकं समोर येतात तेव्हा पट्टी उलट्या बाजूला जात असेल, तर ती दुसऱ्या हाताची आहे. ती लगेच परत करा. रंगात थोडा फरक पडला तर चालवून घ्या. बाजूची फळी आहे, भिंतीकडे जाईल अशी कपाटाची जागा ठरवता येते.

आणि मग जोडणी. माणूस कंपनीचा असला तरी तुम्ही तिथे उभ्या राहा, कारण दोन गोष्टी घाईत बिघडतात.

पहिली म्हणजे ते गोल खटके, ज्यांना मिस्त्री मिनीफिक्स म्हणतात. उभ्या फळीत बोल्ट बसतो, आडव्या फळीतल्या रुपयापेक्षा लहान गोल खोबणीत खटका बसतो. खटक्यावर एक बाण असतो. तो फळीच्या कडेकडे, म्हणजे जिथून बोल्ट आत येतो तिकडे ठेवून खटका बसवायचा, मग बोल्ट आत सरकवायचा आणि स्क्रू ड्रायव्हरने साधारण अर्धा वळसा फिरवायचा. घट्ट झालं की थांबायचं. पॉवर ड्रिलने खटके फिरवत असेल तर त्याला थांबवा, ‘दादा, हे हाताने करा.’ ड्रिलला अर्ध्या वळशावर थांबता येत नाही आणि खोबणीचा चुरा सुटतो. खटका अडकल्याशिवाय गोल गोल फिरत राहिला, तर एकतर बोल्ट पूर्ण आत बसलेला नाही किंवा खोबणी फुटली आहे. बोल्ट बघून झाल्यावरही तसंच होत असेल तर ती फळीही बदलून मागायची.

दुसरी गोष्ट मागची पातळ फळी ठोकायच्या आधीची. तीन मिलीमीटरची ती फळी लोकांना निकामी वाटते, पण कपाट डावी-उजवीकडे डुलू न देण्याचं काम तीच करते. ती ठोकताना चौकट जशी असेल तशीच कायम राहते. म्हणून त्याआधी टेपने दोन्ही कर्ण मोजायला लावा. चौकट आडवी पडलेली असतानाच वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत, मग उलट. चार बाय सहाच्या चौकटीत दोन्ही सात फूट अडीच इंचांच्या आसपास येतील. पण नेमका आकडा महत्त्वाचा नाही, दोन्ही सारखे हवेत. दोन-तीन मिलीमीटरचा फरक चालतो. एक कर्ण सेंटीमीटरभर लांब आला, तर त्या लांब कर्णाच्या दोन टोकांना हळूच आत दाबायचं, पुन्हा मोजायचं आणि मग खिळे. याला दोन मिनिटंही लागत नाहीत आणि दारं वर्षानुवर्षं नीट लागतात.

कपाट उभं झाल्यावर दारांच्या फटी वाकड्या दिसल्या तर लगेच फळी खराब आहे असं समजू नका. आपल्याकडे, विशेषतः जुन्या पेठांतल्या घरांत शहाबादी फरशी असते आणि ती सपाट नसते. हे शहरातल्या इतर वाचकांसाठी. कपाटावर हात ठेवून कोपरा हलतो का बघा. हलत असेल तर त्या पायाखाली प्लास्टिकची पाचर सरकवा. पुठ्ठ्याची घडी घालू नका, ती फरशी पुसताना भिजते आणि दबते. कपाट चारी कोपऱ्यांनी टेकलं की निम्म्या फटी आपोआप सरळ होतात, उरलेल्या बिजागरीच्या स्क्रूने. आणि फरशीवर पाणी ओतून खराट्याने धुण्याची सवय ज्या घरात आहे, तिथे कपाटाच्या चारही खालच्या कडांना कपाट उभं करण्याआधी, म्हणजे आडवं असतानाच, सिलिकॉनचा पातळ हात फिरवून घ्या. पार्टिकल बोर्ड पाणी खालूनच पितो.

सहा फुटी कपाटाला भिंतीला धरून ठेवणारी एक लहान पट्टी बहुतेक खोक्यात असते आणि बहुतेक जोडणीवाले ती तशीच ठेवून जातात, कारण भिंतीला भोक पाडायला घरमालक काय म्हणेल हे त्यांना माहीत नसतं. ती लावून घ्याच. घरात लहान मूल नसलं तरी पाहुण्यांचं येतं, आणि तिन्ही दारं एकदम उघडली की वजन पुढे येतं. तुमच्या सिमेंटच्या भिंतीत साधा प्लग धरतो. जुन्या चुन्या-मातीच्या भिंतीत तो निघून येतो. तिथे गिलाव्याच्या पलीकडे दगडात किंवा विटेत पोचेल असा लांब प्लग लागतो. हे काम मात्र सासऱ्यांच्या मिस्त्रीचं. त्याला बोलवा, त्याचं मोल द्या.

पुढच्या वेळी दारातच काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचार मनात आला असणार. डिलिव्हरीच्या मुलाशी हुज्जत घालू नका. त्याच्या टेम्पोत अजून वीस घरांचा माल असतो. ‘दोन मिनिटं थांब बाळा’ म्हणून खोकी मोजा, चारपैकी चार आली का ते लेबलवर बघा. प्रत्येक खोक्याचे खालचे कोपरे हाताने चाचपा. ओला पुठ्ठा, आरपार पडलेलं भोक, उचलताना आत खळखळ वाजणारी काच, किंवा कमी आलेलं खोकं, यातलं काहीही असेल तर ओटीपी देऊ नका, माल परत पाठवा. खोक्याच्या फक्त कोपऱ्याला मार असेल तर घ्या, पण तो कोपरा आणि लेबल एका फोटोत काढून, ओटीपी सांगायच्या आधी अॅपच्या चॅटमध्ये टाका, ‘खोकं चेपलेलं मिळालं, आतून तपासलेलं नाही’ असं लिहून. कागदावर सही असेल तर तेच शब्द सहीशेजारी लिहा.

आज मेल करा, परवाचा माणूस आला तर त्याला फुटलेला कोपरा आणि चेपलेला पुठ्ठा दोन्ही दाखवा आणि त्याच्याकडून तक्रार क्रमांक लिहून घ्या. नवी फळी लागेपर्यंत जुनी फळी आणि खोकी गॅलरीत उभी करून ठेवा. कंपनीचा माणूस जुनी फळी न्यायला येतो तेव्हा ती नसेल, तर पुन्हा फोन सुरू होतात.